टेस्टिंग सोडून डेव्हलपर म्हणून जातेय : राजीनाम्यात हँडओव्हरचं किती आणि कसं लिहावं?

पऱ्हाटी · २४ जुलै २०२५

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावातून घरूनच काम करते. कंपनी पुण्याची, मी क्यूएमध्ये, चार वर्षं झाली. आमचं सॉफ्टवेअर जिनिंगवाले वापरतात : कापसाची गाडी आली की काट्यावर वजन, ओलावा, भाव, मग काटापट्टी आणि चुकारा. टेस्टिंगला आम्ही दोघंच होतो. दुसरा मार्चमध्ये गेला, तेव्हापासून मी एकटी आहे.

आता दुसऱ्या कंपनीत डेव्हलपर म्हणून निवड झाली आहे, ६ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. इथे डेव्हलपमेंटमध्ये घ्या म्हणून मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा 'टेस्टिंगला माणूस मिळत नाही' एवढंच उत्तर मिळालं.

नोटीस ६० दिवसांची. सोमवारी, २८ तारखेला, राजीनामा दिला तर शेवटचा दिवस शुक्रवार २६ सप्टेंबर येतो. पत्र इंग्रजीतच जाईल, पण विचार मराठीत नीट होतो म्हणून मसुदा इथे टाकते :

> आदरणीय सर, गेली चार वर्षं मला आपल्याकडे खूप शिकायला मिळालं. मला आधीपासूनच कोड लिहिण्याची आवड होती व मी आपणास दोनदा विनंतीही केली होती, परंतु ते शक्य न झाल्याने मी जड अंतःकरणाने राजीनामा देत आहे. माझ्या जाण्याने कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून मी सर्व माहिती नवीन व्यक्तीस देईन व नंतरही केव्हाही फोनवर उपलब्ध राहीन.

हे पुरेसं आहे का? हँडओव्हर मला खरंच चांगला करायचाय. हंगाम तोंडावर आहे आणि चुकीची पट्टी निघाली तर ती आमच्याच गावातल्या कुणाच्या तरी हातात जाणार आहे.

---

वर्धाकाठ

ताई, टेस्टरचं डेव्हलपर होणं म्हणजे खातं बदलणं, त्यासाठी राजीनामा कशाला? एचआरला बदलीचा अर्ज द्या. आमच्या ऑफिसात दोघांनी असंच केलं, नोकरीही सलग राहिली आणि पीएफचीही कटकट नाही.

पऱ्हाटी

दादा, कंपनीच वेगळी आहे. इथे बदली मागून झाली, तेच वर लिहिलंय.

वर्धाकाठ

हो, वाचताना सुटलं माझ्याकडून. मग पीएफ काढू नका, जुन्या यूएएनवरच नव्या कंपनीत वळता करा.

---

संत्राबाग

पत्र फारच मोघम आहे. 'सर्व माहिती देईन' म्हणजे काय देणार? मी असतो तर पत्रातच यादी टाकली असती : अमुक इतके बग उघडे आहेत, अमुक भाग कुणी तपासलेलाच नाही, अमुक ठिकाणी धोका आहे. उद्या काही फुटलं तर कागद तुमच्या बाजूने बोलेल. आणि चार वर्षांत लिहिलेल्या ऑटोमेशन स्क्रिप्ट स्वतःच्या गिटहबवर चढवून ठेवा. नव्या ठिकाणी कोड दाखवायला उपयोगी पडतील. तुम्ही लिहिलेला कोड तुमचाच की.

---

जुनी_विहीर

मी अमरावतीची, आता नागपुरात. सतरा वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आणि माझ्या हाताखालून गेलेल्यांचे राजीनामे बरेच वाचले आहेत.

संत्राबाग यांचं अर्धं बरोबर आहे. 'सर्व माहिती' हे शब्द काढलेच पाहिजेत. पण बगांची यादी राजीनाम्यात नको. ते पत्र एचआरच्या फाइलमध्ये जातं, तिथल्या माणसाला बग कळत नाहीत आणि ज्याला कळतात त्याच्यापर्यंत फाइल पोचत नाही. उघड्या बगांची जागा जिरामध्ये, हँडओव्हरची वेगळ्या कागदात, आणि पत्रात त्या कागदाचा फक्त उल्लेख करायचा. स्क्रिप्टचं मात्र अजिबात ऐकू नकोस. पगारावर लिहिलेला कोड कंपनीचा असतो, बहुतेक नेमणूकपत्रांत तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. त्यात स्टेजिंगचे पत्ते आणि पासवर्ड राहून गेलेले असतील ते वेगळंच. दाखवायला काही हवं असेल तर सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या लॅपटॉपवर, नवं काहीतरी लिही.

पऱ्हाटी, आता तुझ्या मसुद्याकडे वळते. दोनदा विनंती केल्याचं वाक्य काढ. ते खरं आहे, पण पत्रात आलं की उत्तर मागतं, आणि मग साठातले दहा दिवस त्या चर्चेत जातात. दुसरं वाक्य 'नंतरही केव्हाही फोनवर'. हे तू पाळू शकणार नाहीस. नवी कंपनी त्याला हरकत घेऊ शकते, आणि त्या वाक्याच्या भरवशावर इथला माणूस साठ दिवस शिकणारच नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या नावावर काय काय चालतं ते शोध. टेस्ट केस लिहिलेल्या असतात, त्या कुठे जात नाहीत. अडतं ते तुझ्या खात्याला, तुझ्या मोबाइलला आणि तुझ्या डोक्याला बांधलेलं. रात्री आपोआप चालणारी रिग्रेशन कुणाच्या नावावर आहे, बघितलंस का?

---

ढेपाळा

लय खरं बोलल्या बाई. माया अनुभव आयका. मी पतसंस्थेत क्लर्क व्हतो, तीन सालाआधी सोडली. बँकेच्या पोर्टलले माया मोबाइल नंबर जोडेल व्हता. त्याइनं बी बदलला नाही अन् माया बी ध्यानात नाही आलं. मंग काय, मी वावरात डवरा धरेल हाये अन् फोन वाजते, 'भाऊ, ओटीपी आला का?' चार महिने चाललं हे. एक डाव टावरच नव्हता, त्या रोजी त्याइचं काम तसंच पडून राह्यलं अन् मायावर नाराज झाले ते वेगळं. तुयं सॉफ्टवेअरचं मले समजत नाही पोरी, पण नंबर पाय पहिले.

---

पऱ्हाटी · २६ जुलै

काका, तुमचं वाचलं आणि लगेच जाऊन बघितलं. स्टेजिंगवर शेतकरी नोंदणीची जी टेस्ट खाती आहेत, त्यातल्या सहा खात्यांचा ओटीपी माझ्या स्वतःच्या नंबरवर येतो. लॉकडाऊनमध्ये घाईघाईत टाकला होता आणि तसाच राहिला.

जुनी_विहीर ताई, रिग्रेशनचंही तेच निघालं. गिटलॅबमध्ये पाइपलाइनचं वेळापत्रक माझ्या नावावर आहे. रिपोर्ट मेलवर पाठवणारी स्क्रिप्ट माझ्या पर्सनल टोकनवर चालते. काट्याच्या इंडिकेटरला ब्लूटूथने जोडून तपासायचा जुना अँड्रॉइड फोन आणि पट्टीचा छोटा प्रिंटर माझ्या घरी कपाटात आहे. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

---

जुनी_विहीर

तेच म्हणत होते. तुझं खातं बंद झालं की ते वेळापत्रक चालणार नाही. आणि त्या रात्री कुणाला काही कळणारही नाही, कारण लाल रिपोर्ट येत नाही, रिपोर्टच येत नाही. सगळे समजतात की शांत आहे म्हणजे ठीक आहे. यावर उपाय सोपा आहे, पण तो तुझं खातं जिवंत असताना करायचा. मेंटेनर हक्क असलेल्या कुणाला तरी पाइपलाइन शेड्यूलच्या पानावर `Take ownership` दाबायला सांग. टोकन एका माणसाऐवजी प्रोजेक्टच्या नावाने काढून घ्या. मग शेवटच्या आठवड्यात तुझं टोकन तूच रद्द कर आणि दोन रात्री बघ. जे थांबेल ते अजून तुझ्यावर चालत होतं.

डोक्यातलं राहिलं. अशी एखादी टेस्ट सांग, जी नवीन माणूस बघेल आणि 'ही बिघडलेली दिसते' म्हणून काढून टाकेल.

---

पऱ्हाटी

आहे एक, ओलाव्याची.

सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात होते आणि १२ च्या वर कापूस घेत नाहीत. आमच्या ॲपमध्ये पूर्वी मीटरचा आकडा हिशेबाआधीच पूर्णांकात जात होता. म्हणजे ८.४ चे ८ होऊन कपात शून्य, आणि ८.५ चे ९ होऊन कपात पूर्ण एक टक्का. ७५२१ च्या भावाने ८.५ ला क्विंटलमागे सुमारे साडेसदतीस रुपये कापायला हवेत, तिथे पंच्याहत्तर कापले जात. वीस क्विंटलच्या गाडीला ७५२ रुपयांचा फरक. उलट बाजूने १२.४ चे १२ होऊन, जो कापूस परत जायला हवा तो आत यायचा. सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, कारण जुन्या टेस्टमध्ये ओलावा ८, १०, १२ असा पूर्णच टाकलेला. माझ्या बाबांची पट्टी घरी पडली होती, तीवर मी सहज हिशेब केला तेव्हा ते सापडलं. त्यानंतर ही टेस्ट लिहिली :

```python
@pytest.mark.parametrize("moisture, rate", [
    ("8.0", "7521.00"),
    ("8.5", "7483.40"),
    ("12.0", "7220.16"),
    ("12.1", None),
])
```

आकडे हाताने लिहिलेले आहेत. शेवटची ओळ म्हणजे नकार यायला हवा.

---

जुनी_विहीर

७५२१ हा २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव. या हंगामाला ८११० जाहीर झालाय. स्टेजिंगवर भाव कधी बदलतो?

पऱ्हाटी

तारखेप्रमाणे, १ ऑक्टोबरला. दरवर्षी त्या सकाळी पहिल्या तीन ओळी लाल होतात, मी आकडे बदलते आणि

थांबा. माझा शेवटचा दिवस २६ सप्टेंबर.

जुनी_विहीर

म्हणजे तू गेल्यावर पाचव्या दिवशी ती लाल होणार. नवीन माणूस बघेल : ताई गेल्या, टेस्ट मोडली. `skip` लावेल. पुढे कुणी ओलाव्याच्या कोडला हात लावला की तो जुना बग परत येईल आणि तो पकडणारं कुणी नसेल. हँडओव्हरच्या कागदात पहिलं पान याचं कर. 'ओलाव्याची टेस्ट आहे' एवढ्यावर भागणार नाही. ती का आहे, केव्हा लाल होते, लाल झाली तर काय बदलायचं आणि काय अजिबात बदलायचं नाही, हे चार वाक्यांत लिही. बाबांच्या त्या पट्टीचा फोटो नाव झाकून लाव.

---

संत्राबाग

पण मुळात आकडा हाताने कशाला? भावाच्या टेबलमधून वाचा आणि टेस्टमध्येच गुणाकार करा. मग दरवर्षी लाल व्हायचा प्रश्नच नाही.

पऱ्हाटी

तसं केलं तर टेबलमध्येच भाव चुकीचा पडला तरी टेस्ट हिरवी राहील. चूक भाव, बरोबर गुणाकार. जाहीर झालेला आकडा बघून हाताने लिहिते ते त्यासाठीच.

जुनी_विहीर

दोघांचंही घेता येतं. एका टेस्टमध्ये दोन प्रश्न आहेत, ते वेगळे कर. हिशेबाच्या टेस्टला खोटा, कधी न बदलणारा भाव दे, समजा १०,०००. मग ८.५ ला ९९५० आणि १२ ला ९६०० आलेच पाहिजेत, हंगाम कुठलाही असो. दुसरी टेस्ट एका ओळीची : टेबलमधला आजचा भाव जाहीर भावाइतका आहे का. १ ऑक्टोबरला फक्त तीच लाल होईल आणि का झाली हे तिच्या नावावरूनच कळेल.

बांधावरून

मी डेव्हलपर आहे, वणीचा. ताईंचं तत्त्व पटतं, पण नोटीसमध्ये टेस्टची मांडणी बदलू नये असं मला वाटतं. जाणाऱ्या माणसाने शेवटच्या महिन्यात केलेला बदल मागे राहिलेल्यांना समजत नाही. आहे ते आहे तसं द्या, सुधारणा कागदात सुचवा आणि नवीन माणसाला ती करू द्या. स्वतः केली की तिचा मालक तो होईल.

जुनी_विहीर

एरवी मीही हेच म्हणाले असते. इथे पाच दिवसांचा प्रश्न आहे म्हणून मी करून टाकलं असतं.

---

पऱ्हाटी · २७ जुलै

यावर मी अजून विचार करतेय. तोवर पत्र पुन्हा लिहिलं आहे, उद्या सकाळी पाठवते :

> विषय : क्यूए इंजिनिअर पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> मी क्यूए इंजिनिअर पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील ६० दिवसांच्या नोटीसनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५ असेल. यापुढे मी डेव्हलपर म्हणून काम करणार आहे.
>
> हँडओव्हरसाठी माझा प्रस्ताव असा. ८ ऑगस्टपर्यंत मी लेखी कागद देईन. माझ्या खात्यावर, टोकनवर व मोबाइल नंबरवर चालणाऱ्या गोष्टी, घरी असलेली उपकरणे आणि हंगाम सुरू होताना बदलावे लागणारे आकडे त्यात असतील. माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीचे नाव १४ ऑगस्टपर्यंत कळल्यास ऑगस्टचा रिलीज मी करीन व ती व्यक्ती सोबत बसेल. सप्टेंबरचा रिलीज ती व्यक्ती करील व मी सोबत असेन. नाव उशिरा कळल्यास हा दुसरा टप्पा होऊ शकणार नाही.
>
> शेवटच्या दिवसानंतर, ३ ऑक्टोबरपर्यंत, लेखी प्रश्नांना ईमेलने उत्तर देईन.
>
> चार वर्षांत या कामातून मी शिकले, त्याबद्दल आभार.

जुनी_विहीर

जमलं. 'नाव उशिरा कळल्यास' हे वाक्य कुणी काढायला सांगितलं तरी काढू नकोस. तुझी तयारी आणि त्यांची जबाबदारी त्या एका वाक्यात वेगळी होते.

बांधावरून

'डेव्हलपर म्हणून काम करणार आहे' हे कशाला? कारण देणं बंधनकारक नाही. कारण दिसलं की थांबवायला बोलावतात : 'आम्हीच डेव्हलपर करतो, पगारही वाढवतो.'

पऱ्हाटी

लपवावंसं वाटत नाही. चार वर्षं मी ज्यांच्या कोडमध्ये चुका शोधल्या, त्यांना मी कुठे चाललेय ते माहीत असावं.

जुनी_विहीर

यात दोन्ही बाजूंनी लोक बरोबर ठरलेले पाहिलेत मी. बोलावलं तर काय उत्तर द्यायचं ते आज रात्रीच ठरवून ठेव, एवढंच सांगेन.

---

पऱ्हाटी · २४ ऑगस्ट

बोलावलं होतं. डेव्हलपमेंटमध्ये घेतो म्हणाले, पण केव्हा ते सांगेनात, म्हणून नाही म्हटलं. मग शेवटचा दिवस १० ऑक्टोबर करा म्हणाले. तिकडे ६ ला रुजू व्हायचंय, तेव्हा तेही शक्य नव्हतं.

माझ्या जागी सपोर्टमधला एक मुलगा आलाय. नाव कळायला १९ तारीख उजाडली. ऑगस्टचा रिलीज पोळ्याच्या आदल्या दिवशी, २१ ला होता, त्यामुळे तो दोनच दिवस सोबत बसला. काल तान्ह्या पोळ्याला घरी लेकरांची गडबड होती, तरी दुपारी दोन तास आम्ही एक गोष्ट केली : त्याने कोऱ्या लॅपटॉपवर फक्त माझा कागद उघडून सगळं बसवायचं आणि मी तोंड उघडायचं नाही. चार ठिकाणी अडला. त्यातलं एक म्हणजे प्रिंटरची जोडणी. तो फोन मी आधी विमानमोडवर टाकते आणि मग फक्त ब्लूटूथ चालू करते, नाहीतर जोडणी तुटते. हे मी इतकी वर्षं करतेय की लिहायचं सुचलंच नाही. चारही जागा कागदात दुरुस्त केल्या.

ओटीपीसाठी कंपनीने वेगळं सिम घेतलं. सहापैकी पाच खाती त्यावर गेली. सहावं खातं बदलायला सर्व्हरवाल्यांची परवानगी लागते, ती अजून आली नाही.

ढेपाळा

सहावं सोडू नको पोरी. माया बी एकच राह्यलं व्हतं.

---

पऱ्हाटी · ३ ऑक्टोबर

शेवटचं कळवते. सप्टेंबरचा रिलीज त्या मुलाने केला. मी कॉलवर होते, पण दोनदाच बोलले. स्वतःचं टोकन मी २३ तारखेला रद्द केलं. पहिल्याच रात्री रिपोर्टचा मेल आला नाही, कारण एका जुन्या स्क्रिप्टमध्ये ते अजून होतं. दुसऱ्या दिवशी बदललं.

ओलाव्याच्या टेस्टची फोड मी केली नाही. बांधावरून यांचं ऐकलं, पण कागदात पूर्ण लिहून दिली. परवा सकाळी त्या मुलाचा ईमेल आला : तीन ओळी लाल झाल्या, कागदातलं पहिलं पान बघितलं, नवे आकडे स्वतः काढले, ते बरोबर आहेत का? त्याने ८११०.००, ८०६९.४५ आणि ७७८५.६० लिहिले होते. मी वहीवर करून बघितले, बरोबर होते. १२.१ ची ओळ त्याने हलवली नव्हती. फोड आता तो करणार आहे.

सहावं खातं २६ लाच दुपारी बदललं. फोन आणि प्रिंटर मात्र अजून माझ्याकडेच आहेत. कुरिअरवाला गावात येत नाही आणि काल दसऱ्याची सुट्टी होती. आज राळेगावच्या पोस्टातून पार्सल करतेय. ते पोचल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देणार नाहीत म्हणे, आणि सोमवारी तिकडे ते मागतील.

जुनी_विहीर

पावतीचा फोटो दोन्हीकडे आजच मेल कर. नव्यांना राजीनामा मंजूर झाल्याचा मेल दाखव, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर रुजू करून घेतात आणि लेटर मागाहून चालतं. डबा बंद करण्याआधी फोनमधून तुझं स्वतःचं गुगल खातं काढलंस ना?

पऱ्हाटी

नाही. डबा परत उघडते.